उत्तरासाठी सोडलेली जागा

पंप बंद झाला नाही म्हणून सिल्वीबाय बघायला गेली. वाडीच्या कुंपणापलीकडचं घर तिचं. विहिरीवरची मोटर सकाळी लावली की टाकी भरायच्या आत वहिनी ती बंद करणार, हे त्या आळीतल्या सगळ्यांना माहीत होतं. पाणी वाया गेलेलं तिला खपत नसे. त्या दिवशी टाकी भरून वाहू लागली, पाणी केळींच्या आळ्यांतून पाऊलवाटेवर आलं आणि तिथून सिल्वीबायच्या अंगणात. पडवीतल्या खुर्चीत वहिनी बसलेली होती, मान किंचित उजवीकडे कललेली, समोर कुणी बोलतंय आणि ती ऐकतेय अशी. सिल्वीबायनं आधी दोन हाका मारल्या, मग जवळ जाऊन हात धरला, मग मला आचोळ्याला माझ्या घरी फोन केला. बोलताना ती मधेच म्हणाली, "थांबा हां, पयला पंप बंद करते." तो बंद झाल्यावर फोनमध्ये जी शांतता पसरली, ती मी ओळखली. गेली काही वर्षं दर दिवाळीला मी ती शांतता मुद्दाम तयार करत होतो.

शालिनीवहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको, जाऊन आता दीड-दोन महिने झाले. ती कोण होती असं विचारलं तर सांगण्यासारखं फार नाही. माहेर आगाशीचं, सासर वसईच्या पश्चिमेला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या आमच्या वाडीतलं. आयुष्यभर केळी, सोनचाफा, अबोली आणि आम्ही माणसं, एवढ्यांचं केलं. पण नात्यातल्या लोकांना ती आठवते ती तिच्या दिवाळीच्या व्हिडिओंमुळे, आणि मला त्यांबद्दलच लिहायचं आहे. त्यातल्या एका व्हिडिओबद्दल तर लिहायलाच हवं. तिचा मुलगा निखिल याला विचारून लिहितो आहे.

दादा गेल्यानंतरची पहिली दिवाळी आम्ही केली नाही. दुसऱ्या वर्षी घरच्या ग्रुपवर नेहमीप्रमाणे चित्रं यायला लागली. पणत्या, रांगोळी, हसणारी लक्ष्मी, खाली सोनेरी अक्षरांत मंगलमय वगैरे. वहिनीकडे बटणांचा साधा फोन, त्यामुळे ती हे सगळं माझ्या फोनवर बघायची. दर रविवारी मी आचोळ्याहून वाडीवर जायचो तेव्हा. बघता बघता तिनं एका पणतीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कुणाच्या घरातली? मी म्हटलं, कुणाच्याच नाही, तयार मिळतात. मग ती म्हणाली की आपल्या घरातली दाखवू या, फोनमध्ये बोलता येतं ना?

पहिला प्रयत्न मी अजून जपून ठेवला आहे. ठेवणीतली साडी नेसून, हातात ओवाळणीचं तबक घेऊन वहिनी भिंतीला टेकून उभी आहे, आणि मी लिहून दिलेलं एका दमात म्हणते आहे... सर्वांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा, ही दिवाळी आपणां सर्वांना सुखसमृद्धीची, भरभराटीची जावो. मधेच गॅसवाल्याचा फोन येतो आणि चित्र थांबतं. तिनं ते पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली.

"भाऊजी, ही बाई कोण? पतपेढीची चेअरमन वाटते."

मग म्हणाली, सर्वांना म्हटलं की कुणालाच म्हटल्यासारखं होत नाही. आपण एकेकाशी बोलू.

ते एकेकाशी बोलणं जमवायला आम्हाला ती दिवाळी गेली आणि पुढचीही. घरं तशी तीनच. भोपाळची माझी बहीण मंदाताई, वहिनीचा मस्कतला असलेला भाऊ वसंता आणि एडमंटनचा निखिल, त्याची बायको सायली, मुलगी ईरा. बोलायचं काय ते वहिनी सांगायची, मी कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या पाठीवर मोठ्या अक्षरांत उतरवायचो, मग ती ते मोठ्यानं म्हणून बघायची. ज्या वाक्याला दम लागला ते मधून तोडायचं. "तथापि", "निमित्ताने", "आपणांस" असे शब्द मी सवयीनं घालायचो, ऑफिसात पत्रं लिहिणारा माणूस मी. ती ते वाचताना थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मी खोडायचो.

सुरुवात नावानं, आणि तेही घरातलं नाव. मंदाताईला सगळे मंदाताई म्हणतात, तिला 'वन्सं' म्हणणारी जगात एकटी वहिनी. नावानंतर लगेच घरातली एक गोष्ट, त्याच माणसाची. मंदाताईसाठी विहिरीजवळचा सोनचाफा, ज्याच्यावरून ती लहानपणी पडली होती आणि ज्याची ती फांदी अजून तशीच वाकडी आहे. मी म्हटलं, सोबत केळीची नवीन लागवडही दाखवू. वहिनी नको म्हणाली. दोन गोष्टी दाखवल्या की प्रदर्शन होतं, एक दाखवली की आठवण होते. शुभेच्छा शेवटी, आणि शक्यतो तो शब्द न वापरता. "उटणं लावा, नुसत्या साबणावर भागवू नका," एवढ्यात तिची दिवाळी मावायची.

आणि 'आज' म्हणायचं नाही. हे आम्हाला चुकूनच कळलं. आमची पहाट म्हणजे एडमंटनला आदली संध्याकाळ. "आज पहिली अंघोळ, झाली का?" असं तिनं विचारलं तेव्हा निखिलच्या घरी सगळे ऑफिसातून येऊन टेकत होते. पुढच्या वर्षीपासून "तू हे बघशील तेव्हा" असं आलं. मस्कतला फरक थोडा, भोपाळला काहीच नाही, तरी तिनं तिन्हीकडे तेच ठेवलं. म्हणाली, आवाज कधी पोचेल ते आपल्या हातात नसतं.

जागा पडवीची ठरली. सकाळी ऊन थेट येत नाही, पण समोरून उजेड असतो, चेहऱ्यावर सावली पडत नाही. वहिनी खुर्चीत, समोर स्टुलावर तांदळाचा पितळी डबा आणि डब्याला टेकवलेला माझा फोन, उभा, कारण पलीकडची माणसं तो हातात उभाच धरून बघणार. स्टँड आणतो म्हटलं तर तिला डबाच बरा वाटला. त्याच्याकडे बघून बोलता येतं म्हणे, रोजच्या ओळखीचा आहे. भिंग पदरानं पुसायचं. फोन विमानात ठेवतात तसा ठेवायचा, गॅसवाल्याच्या अनुभवामुळे. पंखा बंद, कुकर उतरवलेला आणि पंप बंद. पंप बंद करणं माझ्याकडे. तो थांबला की वाडी एकदम मोकळी व्हायची, झावळ्यांचा आवाज, एखादा कावळा, दूरवर कुणीतरी कपडे आपटतंय. मग मी मान हलवायचो आणि ती बोलायला लागायची. कागद समोर धरला तर डोळे डावी-उजवीकडे पळतात आणि बघणाऱ्याला ते कळतं. म्हणून दोन-तीन सुरुवातीचे शब्द तेवढे भिंगाशेजारी डब्यावर चिकटवायचे, बाकी तोंडपाठ. चुकलं तर चुकलं. मंदाताईच्या व्हिडिओत ती सोनचाफ्याला कवठीचाफा म्हणाली आहे आणि स्वतःलाच हसली आहे. मंदाताई म्हणते, तोच भाग ती पुन्हा पुन्हा लावते.

तयार झालं की ग्रुपवर टाकायचं नाही. ज्याचं त्याला. तेही दस्तऐवज म्हणून जोडायचं, नाहीतर वाटेत चित्र धुरकट होतं आणि वहिनी धुक्यात बसल्यासारखी दिसते. हे मी शोधून काढलं, आणि त्याबद्दल तिनं मला चकलीचा पहिला घाणा दिला होता.

वसंताच्या व्हिडिओसाठी एका वर्षी आम्ही पाचूबंदरला गेलो. लहानपणी तो आगाशीहून सायकल मारत तिथे मासळीचा लिलाव बघायला जायचा. मी फोन धरून उभा, वहिनी होड्यांकडे पाठ करून बोलतेय, वारा असा की तिचे शब्द तोंडातून निघायच्या आधीच उडत होते. शेजारी टोपली घेऊन बसलेली एक कोळीण बराच वेळ बघत होती.

"पानी उडंल फोनवर, मागं व्हा," ती म्हणाली. मग वहिनीला, "कोनाला बोलतंय?"

"भावाला. मस्कतला असतो."

"मग त्याला घोल दाखव ना, तुजं तोंड काय नवीन हाय काय त्याला?"

वहिनीनं टोपलीतली घोल मासळी दाखवली. घरी येऊन बघितलं तर आवाज नुसता वाऱ्याचा. तेव्हापासून बाहेरचं चित्र बाहेर घ्यायचं आणि बोलणं पडवीत, मग चित्राखाली आवाज जोडायचा, हे मी शिकलो. जोड कुठे आहे ते कळू नये म्हणून वर दुसरं चित्र टाकायचं, हेही तेव्हाच शिकलो. ही कला पुढे माझ्या फार उपयोगाला आली... ते येईलच.

पण तिचं खरं वैशिष्ट्य यातलं काहीच नव्हतं. ते होतं जागा सोडणं. व्हिडिओत ती एक प्रश्न विचारायची आणि थांबायची. नुसती गप्प नाही, मान किंचित उजवीकडे कलती करून भिंगाकडे बघत राहायची, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत. मला पहिल्यांदा वाटलं ती विसरली. मी हातानं खुणा करायला लागलो. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं "बरं. तरी जिना जपून चढा," म्हणाली आणि पुढे गेली. प्रश्न मंदाताईच्या गुडघ्याबद्दल होता. नंतर मी म्हटलं, ही रिकामी जागा कापून टाकू. ती म्हणाली, "रिकामी कुठे आहे? वन्सं बोलतायत तिथे."

आणि मंदाताई खरंच बोलली होती. भाऊबीजेला तिचा फोन आला तेव्हा सांगत होती, अरे, मी फोनला उत्तर दिलं, आणि हे अंघोळीहून बाहेर आले आणि विचारायला लागले की कुणाशी बोलतेस.

जागेनंतरचं वाक्य हे सगळ्यात अवघड काम. ते कुठल्याही उत्तराला चालायला हवं. गुडघा दुखतो म्हटलं तरी "तरी जिना जपून" चालतं, बरा आहे म्हटलं तरी चालतं. वसंताला विचारलं, यंदा येणार का? पुढे "बघ बाबा. खोली झाडून ठेवते," हो म्हटलं तरी, नाही म्हटलं तरी. या एकेका वाक्यासाठी ती भाजी निवडताना, फुलं खुडताना पुटपुटत असायची. मी सुचवलेलं वाक्य ती दोन्ही बाजूंनी तपासायची. "म्हणजे तुला करमत नाही तर" असं मी एकदा वसंतासाठी सुचवलं. आणि करमत असलं तर त्याचं काय, म्हणाली, त्याला वाईट वाटेल की बहिणीनं ऐकलंच नाही.

ईराची जागा वेगळी. तिला मराठी कळतं पण उत्तरं इंग्रजीत येतात. वहिनीनं तिच्यासाठी बोलणं कमी केलं आणि हात वाढवले. पहिल्या अंघोळीला फोडतात ते कारीट अगदी भिंगाजवळ धरलं, हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं, आणि मग जमिनीवर ठेवून पायाच्या अंगठ्यानं फोडून दाखवलं. "आता तू." आणि थांबली. आठवड्यानं सायलीनं उलटा व्हिडिओ पाठवला. एडमंटनच्या स्वयंपाकघरात ईरानं एक छोटा टोमॅटो टाचेखाली असा फोडला होता की बिया फ्रिजच्या दारावर गेल्या होत्या. मागून सायलीचं हसणं. चित्रीकरण निखिल करत असावा, फोन धरलेल्या माणसाची सावली फरशीवर दिसते. त्याचा आवाज नाही.

त्याचा आवाज नव्हताच कधी. निखिलच्या प्रत्येक व्हिडिओतही वहिनी जागा सोडायची. जेवलास का? झोप होते का? त्याचं उत्तर म्हणजे माझ्या फोनवर आलेले जोडलेले हात. मी ते वहिनीला दाखवायचो. ती म्हणायची, बरं.

आता ते सांगतो जे सांगायला मला इतकी वर्षं लागली. दादा आजारी पडला तेव्हा निखिलची तिकडची कागदपत्रं अडकलेली होती. त्या वेळी देश सोडला तर परत आत घेतील की नाही याची खात्री नव्हती. हॉस्पिटलच्या बाहेर, चहाच्या टपरीवर, मी वहिनीला म्हटलं, त्याला कळवू नकोस, दादा घरी येईल चार दिवसांत, पोराचं उगाच नुकसान होईल. ती म्हणाली, कळवायला हवं. मी म्हटलं, माझ्यावर सोड. तिनं सोडलं. दादा घरी आला नाही. निखिल पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्यानं पडवीत उभं राहून एकच विचारलं, मला कळवायचं नाही हे कुणी ठरवलं? मी तिथेच होतो, दारच्या खांबाला टेकून. वहिनी म्हणाली, "मी." मी खांबाचा रंग खरवडत राहिलो.

त्यानंतर वहिनीनं तो विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. एकदाही नाही. दर दिवाळीला तिच्यासमोर फोन लावून बसायचो त्यात थोडी परतफेड होती, असं मी मनाशी म्हणायचो. आणि ती... आता मागे वळून बघताना वाटतं, मंदाताई, वसंता हे प्रेमानं केलेलं होतंच, पण तो तिचा सरावही होता. जिथे बोलायचं होतं तिथे पोचायला ती वर्षं घेत होती.

गेल्या दिवाळीच्या आधी मांडवावर सुकेळी वाळत होती, राजेळी केळी सोलून उन्हात घातलेली, मधाच्या रंगाला आलेली. निखिलचा आवडता प्रकार. ती उलटवता उलटवता वहिनी म्हणाली, निखूचा या वर्षी मी सांगते तसाच्या तसा लिहा. मी पान घेतलं. सुरुवात नेहमीची, निखू, तू हे बघशील तेव्हा सुकेळी डब्यात भरून झाली असतील, तुझी वेगळी बांधली आहेत. मग ती म्हणाली, लिहा. "बाबांच्या वेळी तुला कळवलं नाही. तुला त्यावर काय म्हणायचंय ते म्हण. मी ऐकते."

माझं पेन थांबलं. तिनं ते पाहिलं, पण सुकेळी उलटवत राहिली.

पुढच्या वाक्याला बरेच दिवस गेले. मी म्हटलं, मला माफ कर असं म्हण. तिनं बराच विचार केला आणि नको म्हणाली. "असं म्हटलं तर त्याला 'केलं' म्हणावंच लागेल. मग ते त्याचं उत्तर राहत नाही." रडू नकोस? तो रडेलच असं नाही, चिडेलही. मला समजतं? काय समजतं, तो काय म्हणाला ते आपल्याला कुठे ठाऊक? एका रविवारी मी पोचलो तर ती विहिरीपाशी हात धूत होती. सापडलं, म्हणाली. "'बरं. आता जेवून घे.'"

मी ते वाक्य दोन्ही बाजूंनी तपासून पाहिलं. तिनंच शिकवलं होतं. शिवी दिली तरी चालत होतं, रडला तरी चालत होतं, काहीच बोलला नाही तरी चालत होतं.

मी पंप बंद केला. ती बोलली. प्रश्न विचारला, मान कलती केली आणि थांबली. तो थांबा आधीच्या सगळ्या थांब्यांपेक्षा लांब होता. मागे झावळी हलत होती. एकदा तिनं होकारार्थी मान हलवली, एकदा ओठ घट्ट मिटले. डबा आणि फोन यांच्यामागे मी उभा होतो आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, तरी मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. मग ती म्हणाली, "बरं. आता जेवून घे." उठताना म्हणाली, "भाऊजी, एवढ्यातलं काही कापू नका."

मी कापलं. आचोळ्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर बसून. स्वतःला सांगितलं की फार लांब झालंय, दिवाळीत पोराला कशाला, सायली बघेल, ईरा बघेल. खरं कारण एवढंच होतं की तो उत्तर देईल. आणि उत्तर दिलं की प्रश्न निघेल, आणि प्रश्न निघाला की तो पडवीतल्या खांबापर्यंत येईल. मी प्रश्न काढला, थांबा काढला. सुकेळ्यांच्या वाक्याला जेवणाचं वाक्य जोडलं. जोडावर तिची मान एकदम उजवीकडे उडी मारत होती, म्हणून तेवढ्यावर मांडवावरच्या सुकेळ्यांचं चित्र टाकलं. काम चांगलं झालं होतं. कुणाला कळलं नसतं.

जोडलेले हात आले.

वहिनीनं पुढच्या रविवारी विचारलं, निखूचं काही? मी फोन दाखवला. तिनं हातांच्या त्या खुणेकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ पाहिलं. त्याच्या पुढच्या रविवारीही विचारलं. तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा नाही विचारलं, आपणहून म्हणाली, "ऐकलं असेल त्यानं. म्हणायला वेळ लागतो माणसाला." मी तिळगूळ तोंडात टाकला. त्या दिवशी सांगता आलं असतं. त्याच्यानंतरचे किती रविवार सांगता आलं असतं... ती तशीच गेली, मुलानं आपलं ऐकलं आणि तो गप्प राहिला असं समजून.

या वेळी निखिलला मी लगेच कळवलं. तो आला, सगळ्याला हजर होता. विधी आटोपल्यावर माणसं पांगली आणि पडवीत आम्ही दोघेच उरलो, तेव्हा मी त्याला सांगितलं. आधी दिवाळीचं, मग हॉस्पिटलबाहेरच्या टपरीचं. उलट्या क्रमानं, कारण तसं सोपं वाटलं. तो मधे बोलला नाही. माझं संपलं तरी मला त्याच्या आईसारखं थांबता येत नव्हतं, मी काहीबाही बोलतच राहिलो. त्यानं हात वर करून मला गप्प केलं.

"मला तेव्हा वाटलं होतं," तो म्हणाला, "आई सुकेळी एवढा वेळ का दाखवतेय."

मग म्हणाला, "काका, तुम्ही दोनदा आम्हाला एकमेकांचं ऐकू दिलं नाहीत."

मी हो म्हटलं. त्याची माफी मागितली नाही, वहिनीनं शिकवलेलं तेवढं तरी आठवलं. त्यानं विचारलं, अख्खा आहे का तुमच्याकडे? होता. कापलेल्याची वेगळी प्रत होते, मूळ तसंच राहतं. ते पुसून टाकायचं धाडस माझं झालं नव्हतं, दाखवायचंही झालं नव्हतं.

त्यानं फोन घेतला आणि इकडेतिकडे बघितलं. मग स्वतःच आत जाऊन तांदळाचा डबा घेऊन आला, स्टुलावर ठेवला आणि फोन टेकवला. इतकी वर्षं व्हिडिओत जे दिसत नव्हतं ते त्याला कसं कळलं कोण जाणे. कदाचित सायलीला तिनं सांगितलं असेल. तो आईच्या खुर्चीत बसला नाही, समोर जमिनीवर बसला. मोटर चालू होती, सिल्वीबायनं लावून दिली होती. मी न बोलता उठलो आणि विहिरीकडे गेलो. पंप बंद केला. वाडी मोकळी झाली. मागून वहिनीचा आवाज आला, निखू... सुकेळ्यांचं आलं, बाबांचं आलं, मी ऐकते आलं. मी मोटरच्या पेटीचं झाकण धरून तिथेच उभा राहिलो, पाठ करून. त्या जागेत तो काय म्हणाला ते मला माहीत नाही. काही तरी म्हणत होता, खालच्या आवाजात, अडखळत, एकदा मोठ्यानंही. ते माझ्यासाठी नव्हतं. मग वहिनी म्हणाली, "बरं. आता जेवून घे."

बऱ्याच वेळानं तो पाऊलवाटेनं विहिरीपाशी आला. तोंड धुतलं, खांद्याला पुसलं.

"काका," म्हणाला, "जेवायला काय आहे?"

तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलतो असं नाही. जाताना पाया पडला, ते रीत म्हणून. परवा हे लिहू का म्हणून विचारलं तर लिहा म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या जागेवर मीही एवढंच बोललो असतो, कदाचित तेवढंही नाही.

रविवारी मी अजून वाडीवर जातो. केळींना पाणी लावतो, टाकी वाहायच्या आत पंप बंद करतो. पडवीतला डबा निखिलनं ठेवला तसाच स्टुलावर आहे, आत तांदूळ अर्धे आहेत, त्यांना हात लावावासा वाटत नाही. पंप थांबला की सवयीनं पाय तिकडे वळतात. डब्यासमोर बसतो. सांगायचं असतं पुष्कळ, पण पहिलं वाक्य जमत नाही, ऑफिसातलं पत्र झाल्यासारखं वाटतं. सुरुवात नावानं करायची एवढं मात्र पक्कं लक्षात आहे. "वहिनी," म्हणतो... आणि थांबतो.